अनुदानाचा ठराव: विश्वस्त संस्थेच्या प्रोसिडिंग बुकात काय असावे लागते

सार्वजनिक विश्वस्त संस्थेच्या सभेचे इतिवृत्त, म्हणजे महाराष्ट्रातल्या संस्थांच्या रोजच्या बोलण्यातले ‘प्रोसिडिंग’, हे सभेत कोण काय बोलले याचे टिपण नसते. संस्थेचा पैसा कोणाच्या अधिकाराने, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या अटींवर बाहेर गेला याचा तो मूळ पुरावा असतो. रोखवही आणि बँकेचे पासबुक रक्कम दाखवतात. ती रक्कम द्यायची हे कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे ठरवले, हे मात्र ठरावातूनच कळते. म्हणून देणगीदार, लेखापरीक्षक, धर्मादाय कार्यालय आणि प्राप्तिकर खाते यांच्यापैकी कोणालाही शंका आली, की पहिली मागणी ठरावाच्या नकलेची होते.

महाराष्ट्रात या संस्थांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 लागू आहे. पूर्वी तो मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जाई. संस्थेचे हिशेब दरवर्षी तपासून घ्यावे लागतात आणि लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. सभा नियमानुसार नियमित झाल्या का, सभांची इतिवृत्त-वही ठेवली आहे का, संस्थेचा पैसा तिच्या उद्दिष्टांबाहेर वापरला गेला का, असे प्रश्न त्यात असतात. याचा अर्थ प्रोसिडिंग बुक वर्षातून एकदा तरी बाहेरच्या माणसाच्या हातात जातेच. ते त्या माणसासाठीच लिहिले पाहिजे. सभेला हजर नसलेल्या, संस्थेतल्या कोणालाही न ओळखणाऱ्या वाचकाला ते वाचून निर्णय पूर्ण समजला, तर ते इतिवृत्त पुरेसे आहे.

बहुतेक वह्यांमध्ये अनुदानाचा ठराव असा सापडतो: ‘विषय क्र. 5. वसतिगृहास मदत देण्याबाबत. सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन मदत देण्याचे सर्वानुमते ठरले.’ खाली अध्यक्षांची सही. भाषा सभ्य आहे, सर्वांची संमतीही आहे. पण किती रक्कम, कोणत्या निधीतून, कोणत्या संस्थेला, किती लाभार्थ्यांसाठी आणि हिशेब कधी घ्यायचा, यातले एकही उत्तर त्यात नाही. अशा ठरावावर पन्नास हजारही देता येतात आणि पाच लाखही. म्हणजे रक्कम ठरवण्याचा अधिकार विश्वस्तांनी वापरलाच नाही. प्रत्यक्षात तो धनादेश लिहिणाऱ्याकडे गेला.

याच प्रसंगाचे पुरेसे इतिवृत्त कसे असते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. एका संस्थेत सात विश्वस्त आहेत आणि तिच्या घटनेप्रमाणे चार जणांची गणपूर्ती लागते. एका कुटुंबाने संस्थेला 6,00,000 रुपये दिले आणि 10 एप्रिलच्या पत्रात ही रक्कम ‘ग्रामीण मुलींचे वसतिगृह शुल्क भरण्यासाठीच’ वापरावी असे लिहिले. तालुक्याच्या गावी वसतिगृह चालवणाऱ्या दुसऱ्या एका नोंदणीकृत संस्थेने 24 मुलींसाठी प्रत्येकी 20,000 रुपयांप्रमाणे 4,80,000 रुपयांची मागणी केली. 18 जूनच्या सभेला पाच विश्वस्त हजर होते. त्या सभेतला ठराव असा लिहिता येतो:

‘ठराव क्र. 4. अर्जदार संस्थेचा दि. 2 जूनचा अर्ज, 24 विद्यार्थिनींची यादी (परिशिष्ट अ) व देणगीदारांचे दि. 10 एप्रिलचे पत्र सभेपुढे ठेवण्यात आले. यादीतील 4 विद्यार्थिनींना वसतिगृह शुल्कासाठी शासकीय साहाय्य मिळत असल्याने त्यांचा समावेश करण्यात आला नाही. उर्वरित 20 विद्यार्थिनींसाठी प्रत्येकी रु. 20,000 प्रमाणे एकूण रु. 4,00,000 (अक्षरी रुपये चार लाख फक्त) पर्यंतचे अनुदान “मुलींचे वसतिगृह शुल्क निधी” मधून मंजूर करण्यात येत आहे. पहिला हप्ता रु. 2,40,000 करारपत्रावर सह्या झाल्यानंतर द्यावा. दुसरा हप्ता कमाल रु. 1,60,000, पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र व पावत्यांच्या प्रती मिळाल्यावर, त्या वेळी प्रत्यक्ष राहत असलेल्या विद्यार्थिनींच्या संख्येनुसार द्यावा. अंमलबजावणी कार्यवाह व खजिनदार यांनी करावी.’ त्याखाली सूचक, अनुमोदक आणि निकाल.

या ठरावात सर्वांत मोलाचे वाक्य चार मुलींना वगळल्याचे आहे. मागणी 4,80,000 ची आणि मंजुरी 4,00,000 ची, हा फरक का पडला याचे कारण तिथेच नोंदलेले आहे. सभा केवळ अर्जावर शिक्का मारत नव्हती, यादी तपासत होती, हे त्या एका वाक्यावरून दिसते. दोन वर्षांनी कोणी विचारले की त्या चौघींना का डावलले, तर उत्तर कोणाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही. यादी मात्र परिशिष्टातच ठेवलेली बरी. ठरावाची नक्कल अनेक हातांतून फिरते आणि मुलींची नावे, जात, घरची परिस्थिती असा तपशील त्या नकलेबरोबर फिरण्याचे काही कारण नाही.

‘कोणत्या निधीतून’ हे शब्द वरवर हिशेबनिसाच्या सोयीचे वाटतात, पण कायद्याच्या दृष्टीने ठरावाचा कणा तेच आहेत. एकाच संस्थेकडे सर्वसाधारण निधी, देणगीदाराने अट घालून दिलेला निधी, कायम निधी म्हणजे कॉर्पस, आणि कधी परदेशी देणगी असे वेगवेगळ्या नियमांचे पैसे असतात. परदेशी देणगीचे उदाहरण घेतले की फरक स्पष्ट होतो. विदेशी अंशदान नियमन कायद्यात 2020 साली बदल झाला, तेव्हापासून परदेशातून आलेली देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही आणि ती पहिल्यांदा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच घ्यावी लागते. वरचाच ठराव, तेच वसतिगृह, त्याच मुली. पण पैसा परदेशी देणगीचा असता, तर हे अनुदान बेकायदा ठरले असते. निधीचे नाव नसलेल्या ठरावावरून हा फरक कळूच शकत नाही.

प्राप्तिकराच्या बाजूनेही शब्दांना वजन आहे. धर्मादाय संस्थेला करसवलत टिकवण्यासाठी वर्षाच्या उत्पन्नापैकी साधारणतः 85 टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करावी लागते. 2023 च्या वित्त कायद्याने एक बदल आणला: नोंदणीकृत संस्थेने दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला देणगी दिली, तर त्या रकमेपैकी 85 टक्केच खर्च म्हणून धरले जातात. म्हणजे दुसऱ्या संस्थेला 3,60,000 रुपये दिले, तर 3,06,000 रुपयेच हिशेबात येतात. संस्थेने मुलींच्या वतीने थेट शुल्क भरले तर तो स्वतःचा खर्च असतो. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेला अनुदान दिले तर ती आंतरसंस्था देणगी असते. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. पण सभेने कोणता निवडला ते ठरावातच स्पष्ट हवे, आणि पावत्याही त्याच्याशी जुळणाऱ्या हव्यात. वर्षअखेरीला सल्लागाराच्या सांगण्यावरून ‘अनुदान’ खोडून ‘शुल्क’ लिहिल्याने व्यवहार बदलत नाही, संशय मात्र वाढतो.

आता त्याच सभेतली नाजूक बाब. पाच हजर विश्वस्तांपैकी एक जण अर्जदार संस्थेच्या कार्यकारिणीवरही होते. तालुक्याच्या गावी हे अगदी नेहमीचे आहे. सामाजिक कामात पुढे असलेली माणसे तीन-चार संस्थांवर असतातच, आणि त्यात स्वतःहून काही गैर नाही. गैर होते ते लपवण्यात. इतिवृत्तात इतकेच लिहावे लागते: विषय क्र. 4 सुरू होण्यापूर्वी संबंधित विश्वस्तांनी आपण अर्जदार संस्थेच्या कार्यकारिणीचे सदस्य असल्याचे सांगितले, ते सभागृहाबाहेर गेले, चर्चेत व मतदानात त्यांनी भाग घेतला नाही, आणि उरलेल्या चार विश्वस्तांनी ठराव मंजूर केला. ‘चार’ हा आकडा इथे मुद्दाम लिहिलेला आहे. गणपूर्ती चारची आहे आणि ती त्या क्षणी टिकून होती, हे त्यावरून सिद्ध होते. सभेला मुळात चारच जण असते, तर एक जण बाहेर गेल्यावर तिघेच उरले असते आणि तो विषय पुढच्या सभेकडे ढकलणे एवढाच सुरक्षित मार्ग राहिला असता. विश्वस्ताचे नातेवाईक किंवा त्याचा लक्षणीय हितसंबंध असलेली कंपनी यांना संस्थेच्या पैशाचा लाभ मिळाला, तर प्राप्तिकर सवलतीवर थेट गदा येते. म्हणून हितसंबंधाची नोंद हा शिष्टाचाराचा भाग मानून सोडून देता येत नाही.

विरोधी मताचेही तसेच आहे. एखाद्या विश्वस्ताला निर्णय पटला नसेल आणि त्याने तशी मागणी केली, तर त्याचे नाव व कारण नोंदले पाहिजे. संस्थेची एकी दिसावी म्हणून ‘सर्वानुमते’ लिहिण्याची सवय त्या विश्वस्तावर अन्याय करते. 1950 च्या कायद्याखाली विश्वस्तांच्या घोर निष्काळजीपणामुळे किंवा विश्वासभंगामुळे संस्थेचे नुकसान झाले, तर ते विश्वस्तांकडून वसूल करण्याची तरतूद आहे. नोंदलेला विरोध हाच अशा वेळी त्याचा बचाव असतो.

ठराव झाला आणि 25 जूनला पहिला हप्ता गेला. इथून पुढचा भाग बहुतेक इतिवृत्तांत सापडतच नाही, आणि देणगीदाराला सर्वांत जास्त तोच हवा असतो. डिसेंबरअखेर वसतिगृहाकडून उपयोगिता प्रमाणपत्र आले. त्यात 18 मुलींचीच नोंद होती. दोघी शाळा सोडून गेल्या होत्या. जूनच्या ठरावात ‘कमाल’ आणि ‘प्रत्यक्ष संख्येनुसार’ हे शब्द होते, म्हणून जानेवारीच्या सभेत वाद झाला नाही. 18 मुलींचे शुल्क 3,60,000 रुपये, त्यातून दिलेले 2,40,000 वजा केल्यावर दुसरा हप्ता 1,20,000 रुपयांचा. सभेने प्रमाणपत्र वाचले, पावत्यांच्या प्रती पाहिल्या, दोन मुली गेल्याची नोंद घेतली आणि कमी केलेला हप्ता मंजूर केला. निधीत 2,40,000 रुपये उरले, हाही आकडा इतिवृत्तात आला. देणगीदाराला पाठवायच्या अहवालाचा गाभा तिथेच तयार झाला.

उरलेल्या रकमेवर खरी कसोटी लागते. वसतिगृहाने पत्र पाठवले की मुलींना हिवाळ्यात गरम पाणी मिळत नाही, तेव्हा शिल्लक रकमेतून सौर बंब बसवून द्यावा. मागणी रास्त आहे, मुलींच्याच उपयोगाची आहे आणि संस्थेच्या उद्दिष्टांतही बसते. तरीही सभेला ती स्वतःच्या अधिकारात मंजूर करता येत नाही. इथे दोन मर्यादा एकावर एक आहेत. संस्थेची उद्दिष्टे ही बाहेरची मर्यादा, आणि देणगीदाराची अट ही त्याच्या आतली अधिक अरुंद मर्यादा. बंब पहिल्या मर्यादेत आहे, दुसऱ्या मर्यादेबाहेर आहे. कारण पत्रात ‘शुल्क भरण्यासाठीच’ असे शब्द आहेत. अनेक विश्वस्त पहिली मर्यादा पाहून थांबतात आणि देणगी चांगल्याच कामाला लागली असे समाधान मानतात. देणगीदाराच्या दृष्टीने मात्र तो दिलेल्या शब्दाचा भंग असतो.

म्हणून त्या सभेचा योग्य ठराव खर्चाचा नव्हे, तर विचारण्याचा असतो: देणगीदारांना शिल्लक रक्कम, प्रस्तावित काम आणि अंदाजपत्रक कळवून लेखी संमती मागावी, संमती येईपर्यंत रक्कम त्याच निधीत ठेवावी. समजा, देणगीदारांनी 20 फेब्रुवारीच्या पत्राने 1,50,000 रुपये बंबासाठी वापरायला परवानगी दिली आणि 90,000 रुपये पुढच्या वर्षीच्या शुल्कासाठी ठेवायला सांगितले. मग मार्चच्या सभेत त्या पत्राची तारीख नमूद करून 1,50,000 ची मंजुरी देता येते. संमतीचे पत्र आधी, ठराव नंतर, पैसे त्यानंतर: तारखांचा हा क्रम उलटला, तर संमती असूनही दोष राहतो. देणगीदार हयात नसेल आणि मूळ हेतू पार पाडणेच अशक्य झाले असेल, तेव्हाही विश्वस्तांनी आपल्या मनाने हेतू बदलायचा नसतो. अशा वेळी धर्मादाय आयुक्तांमार्फत न्यायालयाकडून निर्देश घेण्याचा मार्ग कायद्यात आहे.

वर्षअखेरीला आणखी एक ठराव लागू शकतो. संस्थेच्या एकूण उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम खर्च झाली नाही, तर उरलेली रक्कम विशिष्ट हेतूसाठी जास्तीत जास्त पाच वर्षे साठवून ठेवता येते. त्यासाठी हेतू आणि मुदत सांगणारे विवरण प्राप्तिकर खात्याला मुदतीत द्यावे लागते आणि त्याला विश्वस्तांच्या ठरावाचा आधार लागतो. इथे नेहमीची चूक म्हणजे ‘संस्थेच्या उद्दिष्टांसाठी’ असा मोघम हेतू. कलकत्ता उच्च न्यायालयाने सिंघानिया चॅरिटेबल ट्रस्टच्या प्रकरणात असा सर्वसमावेशक हेतू पुरेसा मानला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणात अधिक उदार भूमिका घेतली. पण वादात पडण्यापेक्षा ‘मुलींच्या वसतिगृहाच्या दोन खोल्यांचे बांधकाम, अंदाजे खर्च इतका, मुदत तीन वर्षे’ असे लिहिणे केव्हाही सोपे.

खोटे किंवा मागाहून लिहिलेले इतिवृत्त ओळखणे अनुभवी लेखापरीक्षकाला फार अवघड जात नाही. तो वही आणि बँकेचे पासबुक शेजारी ठेवतो. पैसे 25 जूनला गेले आणि ठराव 30 जूनचा असेल, तर प्रश्न तिथेच सुरू होतो. जूनच्या ठरावात ऑगस्टमध्ये आलेल्या बिलाचा क्रमांक असतो. वर्षभराच्या सहा सभा एकाच शाईने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसतात. मधेच पाने कोरी सोडलेली असतात, किंवा संगणकावर छापलेला कागद वहीत डकवलेला असतो आणि त्याच्या कडेवर कोणाचीही सही नसते. त्या दिवशी परगावी असलेल्या विश्वस्ताची सही हजेरीत सापडते. छापील कागद वापरायला हरकत नाही. पण पानांना सलग क्रमांक, प्रत्येक पानावर अध्यक्षांची सही आणि ठरावांना वर्षभर सलग क्रमांक हवेत. चुकलेला शब्द एका रेघेने खोडून शेजारी सही करावी, पांढरा रंग लावू नये.

तातडीच्या वेळी सभेआधी पैसे द्यावे लागले, तर तेही प्रामाणिकपणे लिहिता येते. पुढच्या सभेत ‘कार्योत्तर मंजुरी’ घ्यावी. पैसे कोणत्या तारखेला, कोणाच्या निर्णयाने, कोणत्या तातडीसाठी दिले आणि सभा आता ते मान्य करते, एवढे नोंदावे. तारीख मागे सरकवून लिहिलेल्या निर्दोष ठरावापेक्षा उशिरा घेतलेली खरी मंजुरी तपासणीत कितीतरी भक्कम ठरते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मंजूर’ असे सहा संदेश आले म्हणून मात्र ठराव होत नाही. संस्थेच्या घटनेत परिपत्रकाने निर्णय घेण्याची सोय असेल तरच तो मार्ग खुला असतो, आणि तेव्हाही पुढच्या सभेत त्याची नोंद घ्यावी लागते.

सभा संपल्यावर कार्यवाहाने मसुदा लवकर, शक्यतो आठवड्याभरात, सर्वांना पाठवावा. पुढच्या सभेचा पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा असतो. अनेक ठिकाणी तो अर्ध्या मिनिटात उरकला जातो, पण चूक दुरुस्त करण्याची रीतसर जागा तीच आहे. कायम झालेल्या इतिवृत्तात नंतर बदल करायचा नसतो. चूक लक्षात आली तर नवा ठराव करून ती दुरुस्त करतात.

देणगीदाराला पूर्ण प्रोसिडिंग बुक देण्याची गरज नसते. त्याच्या देणगीशी संबंधित ठरावाची ‘खरी नक्कल’, सभेची तारीख, हजर विश्वस्तांची संख्या, ठराव क्रमांक आणि अध्यक्ष किंवा कार्यवाह यांची सही-शिक्क्यासह, एवढे पुरते; सोबत उपयोगिता प्रमाणपत्र जोडावे. धर्मादाय कार्यालयाला मात्र मूळ वही तपासण्याचा अधिकार आहे. प्राप्तिकराच्या 2022 च्या नियमांनी धर्मादाय संस्थांना हिशेबाची पुस्तके व संबंधित कागदपत्रे संबंधित कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून दहा वर्षे जपायला सांगितली आहेत. अर्ज, देणगीदाराची पत्रे आणि परिशिष्टे त्या ठरावाच्या क्रमांकानेच लावून ठेवली, तर दहाव्या वर्षी आलेल्या प्रश्नालाही एका फाईलमधून उत्तर देता येते.